ओढणीला लोकरीचे गोंडे: घट्ट कसे करायचे आणि कापड न फाटता कसे लावायचे

भाचीने मागच्या महिन्यात पांढरी मलमलची ओढणी आणून दिली, मावशी हिला दोन्ही टोकांना मरून रंगाचे गोंडे लावून दे म्हणाली. त्याआधी तिने बाजारातून तयार गोंड्यांची लेस आणून दुसऱ्या एका ओढणीला लावली होती, तिचं दुसऱ्याच धुण्यात काय झालं ते मी बघितलं होतं, निम्म्या गोंड्यांचे धागे खाली लोंबायला लागले आणि दोन गोंडे तर कापडासकट उपटून आले. म्हणून या वेळी सगळं घरी केलं. जसं केलं तसंच सगळं सांगते, मापांसकट.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, गोंडा तीन जागी हरतो. एक, वरचा बांधायचा दोरा ढिला पडतो आणि आतले धागे घडीतून सुटून बाहेर येतात. दोन, गळ्याचे वेढे सैल असतात, मग धागे सुटत नाहीत पण वर-खाली सरकतात आणि गोंडा झिपऱ्या सोडल्यासारखा दिसतो. तीन, गोंडा ठणठणीत असतो पण हलकं कापडच त्याच्या वजनाने फाटतं. पहिल्या दोन्हीला इलाज हातात आहे, तिसऱ्याला इलाज गोंडा करायच्या आधी करावा लागतो.

आता लोकर. मी साधी चारपदरी अॅक्रिलिक लोकर घेतली, विणकामाच्या दुकानात मिळते तीच. रेशमी दोऱ्याचे गोंडे दिसतात छान, पण तो दोरा इतका गुळगुळीत असतो की गळ्यातून धागे सरकतात, पहिल्यांदाच करत असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. सुती जाड दोरा चालतो, पडतोही सुरेख, फक्त गडद रंगाचा असेल तर आधी रंग जातो का ते बघायचं. वीतभर दोरा साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा, मग ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून धरायचा, रुमालाला किंचितही गुलाबी छटा आली तर तो दोरा पांढऱ्या ओढणीला नकोच. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सांगतात, माझा त्यावर अजिबात भरवसा नाही. अॅक्रिलिकचा रंग सहसा जात नाही, तरी मी तपासलीच.

लोकरीशिवाय क्रोशाचा बारीक सुती दोरा लागतो, लोकरीच्याच रंगाचा, मी 20 नंबरचा घेतला. वरची गाठ, गळ्याचे वेढे आणि ओढणीला जोडणं हे सगळं त्याच दोऱ्याने. इथे लोकर वापरू नका, कारण अॅक्रिलिक ताणलं की लांबतं, आपल्याला वाटतं मस्त घट्ट बसलं आणि चार दिवसांनी गोंडा काठापासून बोटभर खाली लोंबतो. शिलाईचा पातळ दोरा पण गळ्याला नको, तो लोकरीत रुततो, दिसायला वाईट दिसतो. बाकी मोठ्या नेढ्याची पण टोकदार सुई, धारदार कात्री, टेप आणि जाड पुठ्ठा.

पुठ्ठा अडीच इंच उंच आणि साधारण चार इंच लांब कापायचा. वहीचा पुठ्ठा एकेरी घेतला तर पाच-सहा वेढ्यांनंतर वाकायला लागतो आणि मग प्रत्येक गोंडा वेगळ्या मापाचा होतो, म्हणून दोन तुकडे चिकटवून घ्या, किंवा लग्नपत्रिकेचा जो कडक पुठ्ठा असतो ना, तो उत्तम. सगळे गोंडे त्याच एका पुठ्ठ्यावर करायचे.

किती गोंडे हे ओढणीच्या रुंदीवरून ठरतं. भाचीची ओढणी 36 इंच रुंद होती. दोन्ही कोपऱ्यांपासून अर्धा-अर्धा इंच आत सोडला की उरले 35 इंच, त्यात दर 5 इंचांवर एक म्हणजे 7 अंतरं आणि 8 गोंडे, दोन्ही टोकांचे मिळून 16. कोपऱ्याच्या अगदी टोकावर गोंडा लावायचा मोह होतो पण तिथे हेमचे इतके थर एकावर एक येतात की सुई वाकडी जाते आणि कोपरा गोळा होतो, अर्धा इंच आतच बरा.

लोकरीचा हिशेब पण सांगते, म्हणजे मधेच गुंडी संपायला नको. अडीच इंची पुठ्ठ्यावर एक वेढा म्हणजे 5 इंच, एका गोंड्याला 25 वेढे, म्हणजे 125 इंच, सव्वातीन मीटरच्या आत. 16 गोंड्यांना पन्नास-एक मीटर झाली, वर दोन गोंडे जास्तीचे करायचे ते धरून साठ मीटर लोकर हातात ठेवा. क्रोशाचा दोरा दर गोंड्याला 14 इंच वरच्या गाठीला आणि 24 इंच गळ्याला, म्हणजे जवळपास एक मीटर.

25 वेढेच का, तर मी 15, 25 आणि 40 असे तीन करून बघितले. पंधराचा डोक्याशी पोकळ वाटतो, चिमटीत दाबला की चपटा होतो आणि गळा कितीही आवळा, आत दाबायला पुरेसा मालच नसतो. चाळीसचा भरगच्च, देखणा, पण मलमलचा काठ त्याने खाली ओढला जातो. पंचवीसचा दाबला तरी गोल राहतो. माझे 16 गोंडे किचनच्या काट्यावर मिळून 27 ग्रॅम भरले, म्हणजे एका टोकाला साडेतेरा ग्रॅम, मलमल तेवढं आरामात पेलते. शिफॉन किंवा पातळ जॉर्जेट असेल तर याच्या निम्म्या वजनावर थांबायचं, लोकरीऐवजी सुती क्रोशाचा दोरा घ्यायचा आणि गोंडा दीड इंचाचाच करायचा.

आता करायला घेऊ. सगळ्यात आधी 14 इंची दोरा पुठ्ठ्याच्या वरच्या कडेवर आडवा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने धरून ठेवायचा. वेढे नंतर त्याच्यावरूनच घ्यायचे. बरेच जण आधी वेढे घेतात आणि मग सुईने दोरा खालून घालतात, त्यात एक-दोन वेढे हमखास सुईच्या बाहेर राहतात आणि तेच धागे पहिल्या धुण्यात गळतात. दोरा आधीच खाली असला की एकही वेढा सुटत नाही.

वेढे घेताना लोकर ओढायची नाही, नुसती टेकवत जायची. ताणून गुंडाळली तर पुठ्ठ्यावरून काढल्यावर ती आखडते आणि अडीच इंचाचा गोंडा सव्वादोन इंचाचा होतो. सगळे वेढे एक इंचाच्या पट्ट्यात मावले पाहिजेत, फार पसरले तर गाठ मारताना गोळा होत नाहीत.

पंचवीस झाले की चिकटपट्टी काढून दोऱ्याची दोन्ही टोकं वर घ्या आणि गाठ मारा, पण साधी नाही. पहिला फेरा घेताना दोरा एकदा नाही, दोनदा फिरवायचा. तसं केलं की पहिला फेरा आवळलेला असतो तसाच राहतो, दुसरा घेईपर्यंत सुटत नाही. साध्या गाठीत नेमकं तेच होतं, आपण पहिला फेरा कचकचून आवळतो आणि दुसरा घ्यायला बोटं सोडली की तो ढिला पडतो. मग त्यावर निरगाठ. सुरगाठ बिलकुल नको, ओढलं की सुटतेच ती. गाठ बसल्यावर टोकं कापायची नाहीत हां, तीच पुढे ओढणीला जोडायला लागणार आहेत.

मग खालच्या कडेला कात्री घालून सगळे वेढे एका दमात कापायचे आणि पुठ्ठा काढून घ्यायचा. आता हातात 50 धाग्यांचा एक झुबका आहे, वर गाठीत अडकलेला.

गळ्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं. हे मी आजोबांकडून शिकले, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लोकरीचे गोंडे ते स्वतः करायचे. बैल दिवसभर मान झटकतात, गोंडा चिखलात जातो, पाण्यात जातो, आणि पुढच्या पोळ्यालाही तोच गोंडा निघायचा. ते गळ्याला गाठ कधीच मारायचे नाहीत, दोऱ्याचं टोक वेढ्यांच्या आत गायब करायचे. तीच पद्धत इथे वापरायची.

24 इंची दोरा घ्या. त्याच्या एका टोकाकडून दीड-दोन इंचाचा फासा करा, म्हणजे दोरा नुसता वळवून यू सारखा, गाठ नाही. हा फासा झुबक्यावर उभा ठेवायचा, वळण वर गोंड्याच्या डोक्याकडे आणि आखूड टोक खाली झालरीत लोंबतं. अंगठ्याने दाबून धरा. आता लांब टोकाने वेढे घ्यायला सुरुवात करायची, डोक्याच्या वरच्या टोकापासून साधारण दीड सेंटीमीटर खालून, आणि वर वर चढत जायचं. फाशाचे दोन्ही पाय वेढ्यांखाली झाकले गेले पाहिजेत, फक्त वरचं वळण बाहेर दिसत राहिलं पाहिजे. वेढे एकाला एक चिकटून, आठ पुरेत. प्रत्येक वेढ्याला दोरा ओढून आवळायचा, नुसता गुंडाळायचा नाही, पहिल्या दोन वेढ्यांत जी कसर राहते ती नंतर भरून निघत नाही. माझी सवय अशी की दोऱ्याचं टोक दातात न धरता पायाच्या अंगठ्याखाली धरते, मग दोन्ही हातांनी गोंडा फिरवते, ताण एकसारखा राहतो.

आठवा वेढा झाला की लांब टोक त्या वरच्या वळणातून घालायचं आणि खालचं आखूड टोक हळूहळू ओढायचं. वळण वेढ्यांखाली सरकतं आणि लांब टोकाला आपल्याबरोबर आत घेऊन जातं. वळण वेढ्यांच्या मधोमध आलं की थांबा. कुठे आलं ते दिसत नाही, पण वेढ्यांची पट्टी साधारण अर्धा सेंटीमीटर रुंद असते, म्हणून वळण ओढत ओढत वेढ्यांच्या वरच्या कडेला टेकलं की तिथे थांबून आखूड टोकावर पेनने खूण करा आणि पुढे खूण पाव सेंटीमीटर सरकली की झालं. जास्त ओढलं तर फासा खालून बाहेर येतो आणि सगळे वेढे उलगडतात, मग नव्याने करायचे. वर जे टोक उरलं ते सुईत ओवून वेढ्यांच्या आतून खाली झालरीत काढायचं, म्हणजे दोन्ही टोकं गोंड्याच्या धाग्यांत मिसळतात आणि कुठेही कापलेलं टोक दिसत नाही.

जागा चुकली की लगेच कळतं. गळा फार वर आला तर वेढे डोक्यावरून निसटतात, फार खाली गेला तर डोकं लांबुडकं आणि लिबलिबीत होतं. तपासायला झालरीतला कुठलाही एक धागा चिमटीत धरून ओढायचा. तो जागेवरून हलला नाही तर गोंडा पास. सरकला तर गळा सोडा आणि पुन्हा करा, वरून अजून चार वेढे चढवून काही उपयोग होत नाही, कारण सैल वेढे आत तसेच राहतात.

लोकर गुंडीतून आल्यामुळे धागे कुरळे असतात, ते सरळ करायला वाफ द्यायची. पातेल्यात पाणी उकळून गोंडा चिमट्याने वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरायचा आणि बोटांनी खाली ओढून सरळ करायचा, बोटं थोडी थांबून लावा, वाफ पोळते. अॅक्रिलिकला इस्त्री कधीच टेकवू नका, लोकर मरते, म्हणजे चपटी चकचकीत होते आणि परत फुलत नाही. मग दोन इंच रुंद कागदाची पट्टी गोंड्याभोवती घट्ट गुंडाळायची, डोकं पट्टीच्या वरच्या कडेशी टेकवून, आणि खालून जेवढं बाहेर डोकावेल ते कागदाच्या कडेलगत कापायचं. सगळ्यांना तीच पट्टी वापरली की सोळाच्या सोळा एका मापाचे होतात. मोकळ्या हाताने कापायला गेलं की इकडून थोडं तिकडून थोडं करत गोंडा आखूडच होत जातो.

आता ओढणी. बऱ्याच ओढण्यांच्या टोकांना फक्त पिको केलेलं असतं, आणि पिकोत गोंडा लावणं म्हणजे दोन-तीन धाग्यांवर सगळं वजन टांगणं, तो फाटणारच. भाचीच्या ओढणीला पण पिकोच होतं. मी ते कापलं नाही, तसंच आत घेतलं, आधी अर्धा सेंटीमीटर दुमड आणि मग वर पाऊण-एक सेंटीमीटरची दुसरी दुमड, आणि हाताने बारीक टाक्यांनी हेम घातलं. ओढणी प्रत्येक टोकाला दीड सेंटीमीटर कमी होते, कळतही नाही. आता सुई जिथे जाईल तिथे कापडाचे तीन थर आहेत. फार पातळ शिफॉनला एवढ्यावर भागत नाही, तिथे गोंड्याच्या जागी हेमच्या घडीत त्याच कापडाचा नखाएवढा तुकडा दुहेरी करून घालायचा, आणि क्रोशाच्या दोऱ्याऐवजी शिलाईचा दोरा दुहेरी ओवून त्याने जोडायचं, जाड दोऱ्याने शिफॉनला मोठं भोक पडतं. विणतानाच सोडलेल्या दशा असतील, हातमागाच्या ओढण्यांना असतात तशा, तर मात्र दशांना हात लावू नका, त्यांचेच पीळ घालून गोंडे होतात, तो वेगळा प्रकार आहे.

टेप लावून दर 5 इंचांवर टाचणी लावा किंवा पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला. पेनने खुणा नकोत, मलमलवरून जात नाहीत.

जोडायची पद्धत अशी. गोंड्याच्या वर गाठीतून निघालेली दोन टोकं आहेत. एक टोक सुईत ओवून हेमच्या मधोमध, काठापासून साधारण 4 मिलीमीटर वर, पुढून मागे काढायचं. दुसरं टोक त्याच्या शेजारी 4 मिलीमीटर अंतर सोडून, तसंच पुढून मागे. दोन्ही टोकं एकाच भोकातून काढायची नाहीत, मधे जे कापड राहतं त्याच्यावरच सगळा भार पसरतो, एकाच भोकात घातलं तर भोक मोठं होत जातं. मागे दोन्ही टोकांची गाठ मारा, तीच, पहिला फेरा दोनदा आणि वर निरगाठ. गाठ आवळताना काठ आणि गोंड्याचं डोकं यांच्यात 3 मिलीमीटर अंतर राहू द्यायचं, मी मधे काडेपेटीची काडी ठेवते आणि नंतर काढून घेते. अगदी चिकटवून लावला तर गोंडा लटकत नाही, कापडाबरोबर आडवा पडतो आणि काठाला चुणी पडते.

मग दोन्ही टोकं मागून काठाच्या खाली आणायची आणि त्या 3 मिलीमीटरच्या जागेतल्या दोऱ्यांभोवती चार वेढे घ्यायचे, कोटाच्या बटणाला खाली मान करतात ना तसंच. आता दोन्ही टोकं एकत्र सुईत ओवा, डोक्याच्या बरोबर मध्यातून सुई आत घाला आणि गळ्याच्या आतून खाली झालरीत काढा. जरा जोर लागतो, सुई अडली तर ती नेलकटरसारख्या कशाने तरी धरून ओढा किंवा छोटी पक्कड घ्या. जोर लागतो हेच बरं, कारण गळ्याचे वेढे आता ती टोकं पण दाबून धरतात, गाठ कधी सैल झालीच तरी टोकं परत वर सरकत नाहीत. खाली आलेली टोकं झालरीच्या मापात कापून टाका.

सोळाही लावून झाल्यावर ओढणीचं एक टोक दोन्ही हातांनी धरून जोरात झटका, धुतलेला कपडा झटकतो तसं, आणि मग काठ उजेडासमोर धरून बघा. टाक्यांच्या वर कापडाचे धागे विरळ झालेले दिसले, बारीक फटीसारखे, तर तिथे भार जास्त पडतोय. त्या जागी हेमच्या वरच्या कडेला आडवी उलटी टीप घाला, दोन सेंटीमीटरची, भार बाजूला वाटला जातो. भाचीच्या ओढणीत एकाच ठिकाणी असं दिसलं, तिथे माझं हेम जरा अरुंद झालं होतं.

धुताना दोन्ही टोकं गोळा करून प्रत्येक टोक एका जुन्या स्वच्छ सॉक्समध्ये घालायचं आणि तोंडाला सैल रबर लावायचं, मग ओढणी हाताने साध्या पाण्यात. मशीनमध्ये घालू नका, गोंडे एकमेकांत अडकतात आणि ओढले जातात. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं, आणि गोंडे निथळेपर्यंत ओढणी आडवीच ठेवायची, कारण ओला गोंडा कोरड्यापेक्षा कितीतरी जड असतो आणि तेव्हाच काठ ओढला जातो. पुरता निथळला की मग दोरीवर, सावलीत.

जे दोन गोंडे जास्तीचे केले ते एका पुडीत घालून ओढणीबरोबरच ठेवा, त्यांची वरची टोकं न कापता. एखादा गोंडा कुठे खिळ्याला अडकून खराब झालाच तर फक्त मधली 3 मिलीमीटरची मान कापायची, मागची गाठ चिमटीने काढायची, आणि नवा गोंडा जुन्या भोकांत नाही तर त्यांच्या 2 मिलीमीटर बाजूला लावायचा, जुनी भोकं वाफेवर धरून नखाने कापड घासलं की बुजतात.